अंधारात उभी असलेली उसाची ट्रॉली आणि मागून आलेली दुचाकी: हलगर्जीपणा कोणाचा?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

सांगली जिल्ह्यात मी गेली १९ वर्षे मोटार अपघाताचे दावे चालवतो. गाळप हंगाम सुरू झाला की एकाच प्रकारच्या अपघाताची कागदपत्रे घेऊन माणसे येऊ लागतात. रात्रीच्या वेळी रस्त्यात उभी असलेली उसाची ट्रॉली आणि तिच्यावर मागून आदळलेली दुचाकी, असे त्या अपघाताचे स्वरूप असते. समोर बसलेला माणूस बहुतेक वेळा खाली मान घालून पहिले वाक्य हेच बोलतो, की साहेब, मागून धडकल्यावर चूक आमचीच धरणार ना? या समजुतीमुळे कित्येक कुटुंबे दावाच दाखल करत नाहीत, आणि म्हणून हा विषय येथे सविस्तर मांडावा असे वाटले.

पुढील प्रसंग मी काल्पनिक म्हणून रचला आहे, पण त्यातील प्रत्येक तपशील वेगवेगळ्या दाव्यांत पाहिलेला आहे. जानेवारी महिना आणि रात्री साडेआठची वेळ. पलूसहून तासगावकडे जाणारा, सात मीटर रुंदीचा डांबरी रस्ता. दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉलीचा टायर फुटला. चालकाने ट्रॅक्टर होता तेथेच थांबवला, त्यामुळे ट्रॉलीचे एक चाक कच्च्या बाजूपट्टीवर आणि बाकी सगळा भार डांबरी रस्त्यावर राहिला. ट्रॉली मागे सरकू नये म्हणून त्याने चाकामागे दोन दगड लावले, बॅटरी उतरू नये म्हणून दिवे बंद केले आणि ओळखीच्या माणसाच्या गाडीवर बसून तो पंक्चरवाल्याला आणायला गेला. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर लाल रेडियम होते, पण उसाचे वाढे त्याच्यावर लोंबत होते. चाळीस मिनिटांनी दोन चुलतभाऊ एका मोटारसायकलवरून त्याच दिशेने आले. वेग ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास असावा. समोरून येणाऱ्या ट्रकचा झोत डोळ्यांवर आला, आणि तो ट्रक पुढे जाताच दुचाकी थेट ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यावर आदळली. चालवणाऱ्याच्या मांडीचे हाड मोडले आणि मागे बसलेला भाऊ जागीच गेला. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हते.

अपकृत्याच्या कायद्यात येथे तीन प्रश्न एका क्रमाने विचारावे लागतात. ट्रॅक्टरचालकावर या दोन भावांची काळजी घेण्याचे कर्तव्य होते का? त्याच्या जागी सर्वसाधारण शहाणा माणूस जसा वागला असता तसा तो वागला का? आणि त्याच्या वागण्यातील उणिवेमुळेच ही हानी झाली का? हेच तीन प्रश्न पुढे दुचाकी चालवणाऱ्यालाही विचारायचे आहेत. कोण कोणावर आदळले, हा प्रश्न या तिन्हींत कोठेही येत नाही, हे सुरुवातीलाच लक्षात घ्यावे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. १९३२ साली ब्रिटिश हाउस ऑफ लॉर्ड्सने एका बाटलीत सापडलेल्या गोगलगाईच्या खटल्यात असे ठरवले, की आपल्या कृतीने किंवा दुर्लक्षाने ज्यांना इजा होईल असे आपल्याला वाजवीपणे आधी दिसू शकते, ते सगळे कायद्याच्या दृष्टीने आपले शेजारी असतात आणि त्यांची काळजी घेणे आपल्यावर बंधनकारक असते. रस्त्यात ट्रॉली उभी करणाऱ्याला मागून कोण येणार आहे त्याचे नाव माहीत नसते, पण कोणीतरी येणार आहे हे तर पक्के माहीत असते. तेवढे पुरेसे आहे.

खरी चर्चा दुसऱ्या प्रश्नावर व्हावी अशी माझी इच्छा आहे.

नाना_निवृत्त

मी ३१ वर्षे पोलीस खात्यात काढली आहेत आणि त्यातील बराच काळ महामार्गावर गेला आहे. वकीलसाहेबांचा मान ठेवून सांगतो, की रस्त्यावरचा मूळ नियम साधा आहे. पुढच्या वाहनापासून सुरक्षित अंतर ठेवणे ही मागच्याची जबाबदारी असते. मागून धडकला तो दोषी, हे आम्ही पहिल्या दिवसापासून शिकलो. शिवाय उभी ट्रॉली कोणाच्या अंगावर येत नाही. दुचाकीवाल्याला ती दिसली नाही याचा अर्थ त्याचे लक्ष समोर नव्हते. अशा प्रकरणांत आम्ही दुचाकीवाल्यावरच हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात वाहन चालवल्याचा गुन्हा नोंदवत असू, आणि तो मयत असेल तर प्रकरण तेथेच संपत असे. फौजदारी न्यायालयात ट्रॅक्टरवाला निर्दोष सुटला, तर भरपाई मागायला आधार तरी काय उरतो?

कृष्णाकाठ

नाना, आपला नियम निम्मा बरोबर आहे, आणि तो निम्मा बरोबर असल्यामुळेच इतका पक्का रुजला आहे. सुरक्षित अंतराचा नियम एकामागोमाग चालणाऱ्या वाहनांसाठी आहे. चालत्या वाहनाचा वेग आणि मागचे दिवे पाहून अंतर राखता येते. जे वाहन तेथे आहे याचीच मागच्याला खबर नाही, त्याच्यापासून तो अंतर कसे राखणार? उभ्या वाहनासाठी मोटार वाहन अधिनियमात वेगळे कलम आहे. कलम १२२ प्रमाणे कोणतेही वाहन किंवा ट्रेलर इतरांना धोका होईल अशा जागी अथवा अशा स्थितीत रस्त्यावर उभा ठेवता येत नाही.

चालत्या वाहनांच्या बाबतीतही आपला नियम निरपवाद राहिलेला नाही. कोइंबतूरजवळ जानेवारी २०१७ मध्ये एका मोटारचालकाने महामार्गावर अचानक ब्रेक दाबला. मागून येणारा तरुण मोटारसायकलस्वार मोटारीवर आदळून रस्त्यावर पडला आणि मागून आलेली बस त्याच्या पायावरून गेली. आपल्या पत्नीला उलटीसारखे वाटू लागल्याने गाडी थांबवली, असे मोटारचालकाचे म्हणणे होते. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने मोटारचालकावर ५० टक्के, बसवर ३० टक्के आणि पुरेसे अंतर न राखणाऱ्या त्या तरुणावर २० टक्के जबाबदारी टाकली. म्हणजे मागून धडकलेल्याचा वाटा सर्वांत लहान ठरला. गाडी थांबवण्याचे कारण खरे असले तरी मागच्यांना इशारा न देता महामार्गावर थांबणे शहाण्या चालकाला शोभत नाही, असा त्यामागचा विचार होता.

फौजदारी निकालाबद्दल म्हणाल, तर तेथे वाजवी संशयापलीकडे पुरावा लागतो आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागू झाले असले तरी त्यात काही फरक पडलेला नाही. दावा न्यायाधिकरणात मात्र कोणती गोष्ट घडली असण्याचा संभव अधिक आहे एवढेच पाहिले जाते. त्यामुळे ट्रॅक्टरवाला फौजदारीत सुटला तरी त्याच घटनेत भरपाईसाठी हलगर्जी ठरू शकतो, आणि असे नेहमी घडते.

मुक्ता_लीड्स

मी इंग्लंडमध्ये याच क्षेत्रात वकिली करते, म्हणून त्या शहाण्या माणसाबद्दल दोन शब्द लिहिते. तो प्रथम स्पष्टपणे दिसला १८५६ साली, बर्मिंगहॅमच्या पाणीपुरवठ्याच्या एका खटल्यात. शहाणा माणूस जे करील ते न करणे किंवा तो जे करणार नाही ते करणे म्हणजे हलगर्जीपणा, अशी त्या निकालाची मांडणी आहे. विलक्षण कडाक्याच्या थंडीने नळाची तोटी निकामी होऊन घरात पाणी शिरले होते, आणि इतकी थंडी आधी गृहीत धरण्याची अपेक्षा कंपनीकडून करता येत नाही असे न्यायालयाने ठरवले.

या माणसाविषयी एक गोष्ट बहुतेकांना सुरुवातीला अन्यायाची वाटते. तो प्रत्यक्ष चालकाच्या क्षमतेप्रमाणे लहानमोठा होत नाही. १९७१ सालच्या एका प्रसिद्ध खटल्यात गाडी शिकणाऱ्या बाईंनी तिसऱ्याच शिकवणीला गाडी दिव्याच्या खांबावर नेली आणि शेजारी बसून शिकवणाऱ्याचा गुडघा मोडला. त्यांनी आपल्या परीने पूर्ण प्रयत्न केले होते, यात शंका नव्हती. तरीही त्यांना अनुभवी, सक्षम चालकाचेच माप लावले गेले. रस्त्यावरच्या पादचाऱ्याच्या दृष्टीने पाहिले की हे पटते, कारण समोरची गाडी नवशिक्या चालवतो आहे की तरबेज, यावर त्याची हाडे वाचणे अवलंबून राहू नये.

कर्तव्याला सीमाही आहे. १९३८ साली एडिंबरोमध्ये एक मोटारसायकलस्वार बेफाम वेगाने जाऊन मोटारीवर आदळला आणि मरण पावला. थोड्या अंतरावर ट्रामच्या पलीकडे एक गरोदर मासळीविक्रेती आपली पाटी उचलत होती. तिने अपघात पाहिला नाही, फक्त आवाज ऐकला आणि नंतर रस्त्यावरचे रक्त पाहिले. तिला धक्का बसला आणि पुढे तिचे मूल मृत जन्मले. हाउस ऑफ लॉर्ड्सने तिचा दावा नाकारला. स्वार मोटारवाल्याच्या बाबतीत हलगर्जी होताच, पण इतक्या दूर, धोक्याच्या बाहेर असलेल्या स्त्रीला आपल्यामुळे इजा होईल असे त्याला आधी दिसण्यासारखे नव्हते. म्हणजे कोणी हलगर्जी होता का, हा प्रश्न कोणाच्या संदर्भात, असे विचारल्याशिवाय पुरा होत नाही. कृष्णाकाठ यांच्या उदाहरणात दुचाकीवरचे दोघेही भाऊ त्या सीमेच्या आत आहेत, यात मला शंका नाही.

शिल्पा_डोंबिवली

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण शहाण्या माणसाबद्दल वाचून राहवले नाही. माझ्या वडिलांना मधुमेह आहे. मागच्या वर्षी स्कूटर चालवताना त्यांची साखर एकदम उतरली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि स्कूटर कडेच्या भाजीच्या हातगाडीवर गेली. हातगाडीवाल्या मावशींचे मनगट मोडले. आम्ही त्यांचा औषधोपचाराचा खर्च केला, पण प्रकरण पुढे गेले आहे. जो माणूस शुद्धीवरच नाही, त्याला शहाण्या माणसाचे माप कसे लावणार? आणि मुक्ताताई म्हणतात तसे व्यक्तीकडे पाहायचेच नसेल, तर आजारी माणसाने काय करायचे? वडील त्या दिवसापासून नीट झोपलेले नाहीत.

मुक्ता_लीड्स

शिल्पाताई, वडिलांबद्दल वाचून वाईट वाटले. इंग्लंडमध्ये अशाच प्रकारचा एक निकाल आहे. मालट्रकच्या चालकाला त्याच्या नकळत एक दुर्मीळ आजार झाला होता, त्यामुळे त्याची साखर हळूहळू उतरत गेली आणि ट्रक एका दुकानात घुसला. आपल्याला आजार आहे हेच त्याला ठाऊक नव्हते, म्हणून अपील न्यायालयाने त्याला हलगर्जी धरले नाही. मात्र आपली प्रकृती बिघडते आहे हे जाणवूनही जो गाडी चालवत राहतो त्याला ही सवलत मिळत नाही. भारतातील न्यायालय हाच मार्ग स्वीकारील की नाही, हे तेथील वकीलच सांगू शकतील.

कृष्णाकाठ

शिल्पाताई, आपल्या प्रकरणात अपघाताच्या त्या क्षणापेक्षा त्याआधीच्या दोन तासांना अधिक महत्त्व येईल. वडिलांना मधुमेह असल्याचे ठाऊक होते. इन्सुलिन घेऊन जेवण टळले होते का? साखर उतरण्याचा अनुभव आधी आला होता का? हाताला कंप, दरदरून घाम असे काही जाणवल्यावर ते थांबले का? शहाणा माणूस साखर उतरण्यापासून स्वतःला रोखू शकत नाही, पण ती उतरू शकते हे ठाऊक असताना उपाशीपोटी स्कूटरवर बसण्यापासून रोखू शकतो. येथे उत्तर देण्यासारखी माहिती माझ्याजवळ नाही. त्या दिवसाच्या नोंदी आणि डॉक्टरांचे कागद घेऊन आपल्या वकिलांना लवकर भेटावे. स्कूटरचा तृतीय पक्ष विमा चालू असेल, तर भरपाईचा बोजा मुख्यतः विमा कंपनीवर जाईल, हे वडिलांना अवश्य सांगा.

रस्तेअभियंता

दुचाकीवाल्याच्या वागण्याचे माप कसे काढायचे, याबद्दल माझ्या विषयातील थोडे गणित मांडतो. ताशी ५५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १५ मीटर. अडथळा दिसल्यापासून हात-पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर तेवढ्यात २३ मीटर अंतर जाते. त्यानंतर कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक लागला तरी थांबायला आणखी १९-२० मीटर लागतात. एकूण झाले ४२ मीटरच्या आसपास. खाली केलेल्या दिव्याच्या उजेडात न चमकणारी, मातकट, उसाने भरलेली ट्रॉली ३० मीटरवरून ओळखू आली तरी पुष्कळ म्हणायचे. म्हणजे या वेगात पूर्ण लक्ष देऊन चालवणारा माणूससुद्धा वेळेत थांबू शकत नाही. वेग ताशी ४० असता तर हेच अंतर २७ मीटरवर आले असते, आणि तो कदाचित वाचला असता.

समोरच्या झोताची गोष्ट याहून गंभीर आहे. डोळे दिपल्यानंतर दृष्टी पूर्ववत व्हायला काही सेकंद लागतात, आणि त्यातील प्रत्येक सेकंदाला हा माणूस १५ मीटर आंधळेपणाने पुढे जात होता. माझ्या मते झोत डोळ्यांवर येताच वेग कमी करणे हीच शहाण्या चालकाची कृती आहे. त्याने ती केली नाही.

याच हिशेबाची दुसरी बाजू ट्रॉलीकडे आहे. ट्रॉलीच्या मागे ५० मीटरवर परावर्तक त्रिकोण ठेवला असता, तर तो दिव्याच्या उजेडात लांबूनच चमकला असता आणि स्वाराला लागणाऱ्या ४२ मीटरच्या दुपटीहून अधिक अंतर मिळाले असते. एका त्रिकोणाचे काम एवढे आहे.

नाना_निवृत्त

हे गणित मला मान्य आहे. पण मग त्यातून माझेच म्हणणे सिद्ध होते. ज्याला आपल्या दिव्याच्या उजेडाच्या आत थांबता येत नाही, तो अतिवेगात आहे.

कृष्णाकाठ

नाना, हा युक्तिवाद विमा कंपन्यांचे वकील नेमका याच शब्दांत करतात आणि त्यात तथ्य आहे. रात्री आपल्या दिव्याच्या उजेडात थांबता येईल एवढाच वेग ठेवावा, ही शहाणपणाची अपेक्षा आहे. पण न्यायालये तिला लोखंडी नियम मानत नाहीत, कारण शहाण्या माणसाला इतरांच्या शहाणपणावर थोडाफार विसंबून राहण्याचा हक्क असतो. वाहत्या डांबरी रस्त्याच्या मधोमध दिवा नसलेली भिंत उभी असेल, असे गृहीत धरून कोणी रोज गाडी चालवत नाही. म्हणून दोषाची विभागणी होते. माझ्या अनुभवात अशा वस्तुस्थितीत ट्रॉलीकडे ६० ते ८० टक्क्यांपर्यंत आणि उरलेला दुचाकीस्वाराकडे, असे निकाल लागतात. कोणते न्यायाधिकरण नेमका कोणता आकडा धरील, हे मी पक्के सांगू शकत नाही आणि कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

आता उदाहरणातील आकडे धरून पाहू. स्वाराचे नुकसान १० लाख रुपये ठरले आणि त्याचा स्वतःचा दोष ३० टक्के धरला, तर त्याच्या हाती ७ लाख येतील. हेल्मेट नव्हते म्हणून आणखी कपात मागितली जाईल, पण त्याची जखम मांडीला आहे. हेल्मेट घातले असते तरी मांडी मोडलीच असती, म्हणून त्या चुकीचा या हानीशी संबंध जुळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दुचाकीवर तिघे बसल्याच्या प्रकरणात हेच तत्त्व लावले. नियम मोडला एवढ्यावर भागत नाही, त्या नियमभंगाने अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावे लागते. मागे बसलेल्या भावाच्या डोक्याला मार लागला असेल, तर त्याच्याबाबतीत हा प्रश्न खरोखर उभा राहतो, आणि तेथे वैद्यकीय पुरावा पाहावा लागेल.

मागे बसलेल्याच्या वारसांची बाजू पूर्णपणे वेगळी आहे, आणि येथेच सर्वांत जास्त गफलत होते. गाडी तो चालवत नव्हता, त्यामुळे भावाच्या वेगाचा दोष त्याच्या माथी येत नाही. त्याच्या दृष्टीने ट्रॅक्टरवाला आणि चालवणारा भाऊ, या दोघांच्या हलगर्जीपणाने मिळून त्याचा जीव गेला. अशा वेळी वारसांना पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणा एकाकडूनही वसूल करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केले आहे. ज्याने जास्त भरले त्याने दुसऱ्याकडून मागून घ्यावे, वारसांना त्यात ओढू नये. तरीही स्वाराचे ३० टक्के वारसांच्या रकमेतून कापलेले निकाल मी वाचले आहेत आणि अपिलात ते दुरुस्त करून घ्यावे लागले आहेत.

ट्रॅक्टरवाला_कवठे

मी स्वतः ट्रॅक्टरमालक आहे आणि दोन हंगाम ऊस वाहिला आहे, म्हणून आमची बाजूही ऐकावी. टायर फुटलेली, १०-१२ टन ऊस भरलेली ट्रॉली कडेला घ्या म्हणणे सोपे आहे. कच्च्या पट्टीवर एक चाक खचले की ट्रॉली कलंडते आणि मग रस्ता सकाळपर्यंत बंद राहतो. दिवे लावून ठेवले तर बॅटरी उतरते आणि ट्रॅक्टर पुन्हा सुरू होत नाही. रेडियम आम्ही हंगामाच्या सुरुवातीला लावतो, पण चिखल आणि वाढे यांमुळे पंधरा दिवसांत ते दिसेनासे होते. आमचा चालक कोणाला मारायला ट्रॉली उभी करत नाही. सगळे उभी करतात तशीच तोही करतो.

कृष्णाकाठ

आपले म्हणणे प्रामाणिक आहे आणि मी ते मनापासून वाचले. न्यायालयही ते विचारात घेते. शहाण्या माणसाकडून अशक्य गोष्टीची अपेक्षा नसते. कलंडण्याची भीती असेल तर ट्रॉली रस्त्यावर थांबवणे हा हलगर्जीपणा ठरेलच असे नाही. पण त्यानंतर काय केले, हा प्रश्न उरतो. बॅटरीवर भार न टाकता काय करता आले असते ते पाहा. मागे त्रिकोण ठेवणे, लोंबणारे वाढे कापून रेडियम मोकळे करणे, सोबतच्या माणसाला बॅटरी घेऊन मागे उभे करणे आणि एकटे असल्यास फोनवरून पंक्चरवाल्याला बोलावणे. चालक चाळीस मिनिटे ट्रॉली सोडून गेला, हा माझ्या दृष्टीने त्याच्याविरुद्धचा सर्वांत जड मुद्दा आहे. धोका मोठा आणि तो टाळण्याचा खर्च किरकोळ असेल, तर काळजी न घेतल्याचे समर्थन टिकत नाही.

सगळे असेच करतात, हा बचाव मी अनेकदा ऐकला आहे. प्रचलित पद्धत हा पुरावा म्हणून पाहिला जातो, पण ती पद्धतच धोकादायक असेल तर शहाणा माणूस तिच्यामागे लपू शकत नाही. आपला चालक नोकरीच्या कामात असताना हे घडले, तर मालक म्हणून जबाबदारी आपल्यावरही येते, म्हणून हे त्याला आजच सांगावे अशी विनंती आहे.

वैशाली_मिरज

अशा दाव्यात पुरावा म्हणून काय पाहिले जाते, हे कोणी सांगेल का? आमच्या नात्यातील एका अपघातात पंचनामा दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला झाला. तोपर्यंत ट्रॉली कारखान्यावर खाली होऊन परत आली होती आणि तिच्या मागे नवेकोरे रेडियम चमकत होते.

नाना_निवृत्त

वैशालीताई, या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण असे पंचनामे मी स्वतः केले आहेत. वाहन हलवण्यापूर्वी केलेल्या घटनास्थळ पंचनाम्यालाच खरी किंमत असते. ट्रॉलीचे मागचे चाक डांबराच्या कडेपासून किती आत होते, रस्त्याचा मोकळा भाग किती उरला होता, ब्रेकच्या खुणा आहेत का आणि असल्यास किती लांब, हे टेपने मोजून लिहावे लागते. ब्रेकची खूण नसेल तर स्वाराला ट्रॉली शेवटपर्यंत दिसलीच नाही, असा अर्थ निघू शकतो. हा अर्थ दोन्ही बाजूंना वापरता येतो, हे मी आज या चर्चेतून शिकलो. चाकामागचे दगड तेथेच पडून असतात, कारण ट्रॉली नेताना ते कोणी उचलत नाही. त्या दगडांवरून ट्रॉली नेमकी कोठे उभी होती ते सकाळीही सांगता येते. मी एकदा तसे केले आहे. एका दगडाच्या वरच्या धारेवर टायरच्या काळ्या रबराचा ओरखडा होता आणि तो डांबराच्या कडेपासून सव्वादोन मीटर आत होता.

कृष्णाकाठ

नानांनी लाखमोलाची गोष्ट सांगितली. वैशालीताई, अपघातानंतर मदतीला धावलेल्यांपैकी कोणी मोबाइलवर छायाचित्र काढले आहे का, ते शोधा. मूळ फाइल त्याच मोबाइलमध्ये राहू द्या, कारण तिच्यात वेळेची नोंद असते. जखमींना रुग्णालयात नेणाऱ्याची साक्ष महत्त्वाची ठरते, कारण ट्रॉलीचे दिवे चालू होते की नव्हते हे त्याने पाहिलेले असते. कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावतीवरची वेळही उपयोगी पडते, तिच्यावरून ट्रॉली रस्त्यावर किती वेळ अडकली होती याचा अंदाज बांधता येतो.

दावा करायला उशीर मात्र करू नका. १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर थांबू नये. हलगर्जीपणा सिद्ध करणे अगदीच अशक्य दिसले, तर कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये दोष सिद्ध न करता मिळू शकतात. तो मार्ग घेतल्यावर मोठ्या रकमेचा मार्ग बंद होतो, म्हणून निवड विचारपूर्वक करावी.

रस्तेअभियंता

एक प्रश्न मनात राहतो. ऊस कारखान्यासाठी चालला आहे, वाहतुकीचा ठेका कारखान्याने दिला आहे आणि रात्री अशा शेकडो ट्रॉल्या रस्त्यावर असणार हे कारखान्याला प्रत्येक हंगामात ठाऊक असते. मग हानी आधी दिसू शकते, या कसोटीवर कारखान्यावरही काळजीचे कर्तव्य येत नाही का? रेडियम नसलेली ट्रॉली काट्यावर घ्यायचीच नाही, एवढे त्याच्या हातात आहे.

ट्रॅक्टरवाला_कवठे

काट्यावर अडवले तर एका दिवसात सगळ्यांच्या ट्रॉल्यांना रेडियम लागेल, हे मी लिहून देतो.

कृष्णाकाठ

या प्रश्नावर माझे मन अजून बनलेले नाही. स्वतंत्र ठेकेदाराच्या चुकीसाठी काम देणारा सहसा जबाबदार नसतो, आणि कारखान्याचे वकील पहिल्याच परिच्छेदात हे लिहितील. पण फाटकावर प्रत्येक ट्रॉली पाहण्याची संधी आणि तिला परत पाठवण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याला केवळ काम देणारा म्हणता येईल का, याचा युक्तिवाद व्हायला हवा. माझ्याकडील एका दाव्यात कारखान्याला प्रतिवादी करण्याचा अर्ज मी दिला आहे. त्यावर पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. आदेश कोणत्याही बाजूने झाला तरी, पक्षकारांची ओळख उघड न करता, त्याची कारणे मी याच धाग्यावर लिहीन.